दहा कंदी पेढे, चार पोरं आणि फळ्यावर पाच उत्तरं

पार्श्वभूमी

साताऱ्यातला एक छोटा क्लास, अकरावी सायन्सची बॅच, आणि चालू होतं पर्म्युटेशन कॉम्बिनेशन. गणित मॅडम घेतात, मी तिथंच फिजिक्स घेतो, पण त्या आठवड्यात माझं लेक्चर पुढं ढकललं होतं म्हणून मी मागच्या बाकावर बसून ऐकत होतो आणि वहीत लिहूनही घेत होतो. पोरांची नावं इथं देत नाही, कोण कुठनं येतं त्यावरनं ओळखू, आणि ती गावंसुद्धा मी बदललेली आहेत.

बॅचला तोवर एनसीआर, म्हणजे n मधून r किती तऱ्हांनी निवडता येतात ते काढणं, चांगलं यायला लागलं होतं. १२ जणांतून ५ जणांची कमिटी, ८ मित्रांतून ३ जण महाबळेश्वरला न्यायचे, असली गणितं पोरं तोंडी करायची. तिथं माणसं वेगळी असतात आणि आपण त्यातली काही निवडतो, एवढं डोक्यात पक्कं होतं. सारख्या वस्तू वाटायचा प्रकार मात्र अजून सुरू झाला नव्हता.

त्या दिवशी कुणाच्या तरी भावाचा निकाल लागला होता म्हणून कंदी पेढ्यांचा बॉक्स आला होता. सगळ्यांना वाटून झाल्यावर दहा पेढे उरले, आणि मॅडमच्या घरची नि शेजारची मिळून चार लहान पोरं बाहेर पडवीत खेळत होती. मॅडमनी तिथंच फळ्यावर प्रश्न लिहिला: १० अगदी सारखे पेढे, ४ मुलं, प्रत्येकाला निदान एक तरी मिळालाच पाहिजे, पेढा मोडायचा नाही, तर किती प्रकारे वाटता येतील? वेळ दहा मिनिटं, आपापल्या वहीत, शेजारच्याचं बघायचं नाही.

अडचण

दहा मिनिटांनी मॅडमनी उत्तरं गोळा केली तर पाच वेगवेगळी निघाली. ९, ८४, १६५, २८६ आणि २,०६,४३,८४०. दोन कोटी सहा लाखवाला कोरेगावचा पोरगा, वर्गात सगळ्यात जास्त गणितं सोडवणारा तोच, त्यामुळं त्याचा आकडा ऐकून कुणी हसलंसुद्धा नाही, उलट दोघातिघांनी आपलं उत्तर खोडायला पेन उचललं.

सगळ्यात जास्त मतं २८६ ला होती. त्यातल्या रहिमतपूरच्या मुलीनं सांगितलं की गाईडमध्ये फॉर्म्युला आहे, n वस्तू r जणांत वाटायच्या तर n + r - 1 मधून r - 1 निवडायचे, म्हणजे १३ मधून ३, म्हणजे २८६. फॉर्म्युला खरा आहे, आकडेमोडही बरोबर आहे. फक्त तो फॉर्म्युला कुणाला शून्य पेढे मिळाले तरी चालेल अशा वाटपाचा आहे, आणि ती अट गाईडमध्ये बारीक अक्षरात कुठंतरी कोपऱ्यात असते.

८४ वाले तिघंच होते आणि त्यांना आपण बरोबर आहोत याची खात्री नव्हती. मला खरी अडचण इथंच दिसली. बरोबर उत्तर वर्गात होतं, पण ते बरोबर कशावरनं हे कुणाला सांगता येत नव्हतं, आणि मतदान घेतलं असतं तर २८६ जिंकलं असतं.

समोर असलेले पर्याय

मधल्या सुट्टीत चहा पिताना मॅडम आणि मी यावर बोललो. मी त्यांना म्हणालो, दोन फॉर्म्युले शेजारी शेजारी लिहून टाका, शून्य चालत असेल तर हा, निदान एक पाहिजे असेल तर तो, पोरं पाठ करतील आणि एमएचटी-सीईटीला तेवढं पुरतं. यात वेळ वाचतो हे खरंच आहे. मॅडमचं म्हणणं पडलं की पाठ झालेले दोन फॉर्म्युले परीक्षेत उलटेसुलटे होतात, आणि "थोरल्याला निदान तीन, बाकीच्यांना निदान एक" असा प्रश्न आला की दोन्ही फॉर्म्युले हातात असूनसुद्धा पोरगं बसून राहतं.

दुसरा पर्याय छोटं उदाहरण घेऊन सगळी वाटपं लिहून काढायचा, म्हणजे ५ पेढे ३ पोरं. यात पटतं लवकर, पण पाच उत्तरं फळ्यावर आहेत ती तशीच राहतात, आणि ज्याचं चुकलं तो गप्प बसून नवीन रीत उतरवून घेतो.

तिसरा पर्याय मॅडमचा होता. एकही उत्तर पुसायचं नाही. प्रत्येक उत्तर नेमक्या कुठल्या प्रश्नाचं आहे ते त्या त्या पोरानंच शोधायचं. याला वेळ लागणार होता, बहुतेक पुढचं सगळं लेक्चर जाणार होतं, आणि पोर्शन मागं पडला तर पालकांचे फोन येतात हे दोघांनाही माहीत होतं. तरी त्यांनी हाच धरला, मात्र दुसऱ्यातली एक गोष्ट त्यात घ्यायचं ठरवलं, की कुठंही अडलं तर आकडे लहान करून मोजून बघायचं.

काय केलं

सुरुवात ९ पासनं केली. हे उत्तर वाईच्या मुलीचं, तिनं फॉर्म्युला काहीच लावला नव्हता, वहीत सरळ यादी केली होती, मोठ्या वाट्यापासून लहानाकडं:

७-१-१-१, ६-२-१-१, ५-३-१-१, ५-२-२-१, ४-४-१-१, ४-३-२-१, ४-२-२-२, ३-३-३-१, ३-३-२-२.

नऊच आहेत, दहावं सापडत नाही, बघा करून. मॅडमनी विचारलं, "तुझ्या यादीत ७ कुणाला मिळाले गं?" ती म्हणाली, "कुणालाही मॅडम, एकाला सात." म्हणजे तिनं पेढेही सारखे धरले आणि पोरंही सारखी धरली. पण बाहेर पडवीत बसलेल्या त्या चौघांना विचारलं असतं तर थोरल्याला सात मिळणं आणि धाकटीला सात मिळणं यात काय फरक आहे ते त्यांनी लगेच सांगितलं असतं. पेढे सारखे, पोरं वेगळी. तिचं ९ हे चार सारख्याच पुड्या बांधायच्या असतील तर बरोबर उत्तर आहे, कुठली पुडी कुणाची हे अजून ठरलेलं नाही तोवर.

इथं मॅडमनी जे केलं ते मला सगळ्यात आवडलं. ती यादी चूक म्हणून बाजूला न टाकता तिलाच म्हणाल्या, आता प्रत्येक ओळ चार पोरांत किती तऱ्हेनं फिरते ते शेजारी लिही. ७-१-१-१ मध्ये सात कुणाला एवढंच ठरवायचं, म्हणून ४. ६-२-१-१ मध्ये सहा कुणाला ते ४ तऱ्हा आणि दोन कुणाला ते उरलेल्या ३ तऱ्हा, म्हणून १२. ५-३-१-१ चे १२, ५-२-२-१ चे १२, ४-४-१-१ चे ६, ४-३-२-१ मध्ये चारही वाटे वेगळे म्हणून २४, ४-२-२-२ चे ४, ३-३-३-१ चे ४, ३-३-२-२ चे ६. तिनं बेरीज केली आणि ८४ आली.

वर्ग एकदम शांत झाला. कुठलाही फॉर्म्युला न वापरता, नुसतं मोजून ८४ आलं होतं, आणि आता उत्तर कुठलं यावर वादच उरला नाही. उरला एवढाच प्रश्न की ८४ झटक्यात कसं काढायचं, कारण २५ पेढे आणि ७ पोरं असतील तर अशी यादी करत कोण बसणार.

मग मॅडमनी उरलेले दहाही पेढे टेबलावर कागद घालून त्यावर एका ओळीत मांडले. कंदी पेढा तपकिरी असतो, चांगला भाजलेल्या खव्याचा, त्यामुळं पांढऱ्या कागदावर ते मागच्या बाकावरनंही नीट दिसत होते. उदबत्त्यांच्या जळून उरलेल्या तीन काड्या घेतल्या. दहा पेढ्यांच्या मधे फटी किती? नऊ. त्यातल्या तीन फटींत एकेक काडी ठेवली की ओळीचे चार तुकडे पडतात, डावीकडनं पहिला तुकडा थोरल्याचा, दुसरा त्याच्या पाठच्याचा, असं करत चौथा धाकटीचा. फट म्हटली की तिच्या दोन्ही अंगाला पेढा असतोच, त्यामुळं कुठलाच तुकडा रिकामा राहू शकत नाही, आणि निदान एकाची अट आपोआप पाळली जाते. म्हणजे ९ फटींतून ३ निवडायच्या:

(९ × ८ × ७) ÷ (३ × २ × १) = ५०४ ÷ ६ = ८४

याला स्टार्स अँड बार्स म्हणतात. हे नाव विल्यम फेलर यांच्या १९५० च्या प्रोबॅबिलिटीच्या पुस्तकामुळं रूढ झालं. तारे म्हणजे वस्तू, दांड्या म्हणजे मधल्या काड्या. आमच्या वर्गात त्याचं पेढे-काडी झालं आणि अजून तेच चालतं.

आता १६५. मेढ्याच्या पोरानं काड्यांची आयडिया स्वतःच्या स्वतः काढली होती, पण जागा मोजताना ओळीच्या दोन्ही टोकांनाही जागा धरली, म्हणजे ९ + २ = ११, आणि ११ मधून ३ म्हणजे १६५. मॅडमनी त्यालाच पुढं बोलावून एक काडी पार डाव्या टोकाला ठेवायला सांगितली, "आता थोरल्याला किती?" "काहीच नाही ओ मॅडम." त्यानं स्वतःच पुढं जोडलं की उजव्या टोकाला काडी ठेवली तर धाकटी उपाशी, पण मधल्या दोघांना मात्र एकेक मिळणारच, कारण एका जागेत दोन काड्या त्यानं ठेवू दिल्याच नव्हत्या. म्हणजे १६५ हे "पहिल्याला आणि शेवटच्याला नाही मिळालं तरी चालेल, मधल्या दोघांना मिळायलाच पाहिजे" या प्रश्नाचं अगदी बरोबर उत्तर आहे. असा प्रश्न कुणी विचारणार नाही ही गोष्ट वेगळी, पण आपला आकडा कशाचा आहे हे त्याला कळलं, आणि टोकाची जागा का सोडायची हे त्याला आता कुणी सांगायची गरज राहिली नाही.

२८६ चं मग लगेच उलगडलं. एकाच जागेत दोन-तीन काड्या ठेवायला परवानगी दिली, टोकंही चालतील म्हटलं, की १० पेढे आणि ३ काड्या मिळून १३ वस्तूंची ओळ होते आणि त्यातल्या कुठल्या ३ जागांवर काड्या येणार एवढंच ठरवायचं राहतं. रहिमतपूरची मुलगी म्हणाली, "म्हणजे यात एकालाच दहाच्या दहा मिळाले तेसुद्धा धरलंय." बरोबर.

मोठा निर्णय: आधी एकेक देऊन टाकायचा का?

इथवर आल्यावर मॅडमसमोर दुसरा निर्णय होता. फटींची रीत देखणी आहे, पण ती फक्त "निदान एक" ला चालते. दुसरी रीत अशी की आधी प्रत्येकाला एकेक देऊन टाकायचा, ४ पेढे गेले, उरले ६, आणि ते ६ चौघांत कसेही वाटायचे, आता शून्य चालतं कारण अट आधीच भागली आहे. ६ पेढे ३ काड्या, ९ जागा, त्यातून ३, पुन्हा ८४. अट बदलली तरी ही रीत बदलत नाही, आधी हातावर किती ठेवायचे तेवढंच बदलतं. मॅडमना रोजच्या वापराला हीच द्यायची होती आणि फटींची रीत खात्री पटवायला ठेवायची होती.

पण याच वाटेवर दोन कोटी सहा लाखांचा खड्डा होता. कोरेगावच्या पोरानं हेच केलं होतं, आधी एकेक द्यायचा. फक्त त्यानं विचार असा केला की थोरल्याला द्यायचा पेढा १० मधून निवडायचा, दुसऱ्याला ९ मधून, मग ८, मग ७, म्हणजे ५०४०, आणि उरलेल्या ६ पैकी प्रत्येक पेढा चौघांपैकी कुणालाही, म्हणजे ४ चा सहावा घात, ४०९६. गुणाकार २,०६,४३,८४०.

मॅडमनी त्याला आधी एवढंच विचारलं, "सगळे पेढे वेगवेगळे धर, अटबिट काही नको, मग एकूण वाटपं किती?" त्यानं सांगितलं, प्रत्येक पेढ्याला ४ पर्याय, म्हणून ४ चा दहावा घात, १०,४८,५७६. आणि मग तो स्वतःच थांबला. अट नसताना साडेदहा लाख, आणि अट घातल्यावर दोन कोटी? अट घातल्यावर वाटपं कमी व्हायला पाहिजेत, ती वाढली कशी?

मला वाटतं अख्ख्या प्रकरणात पोरांच्या सगळ्यात उपयोगी पडेल अशी तपासणी हीच. अट लावून आलेला आकडा बिनअटीच्या आकड्यापेक्षा मोठा आला की कुठंतरी तेच वाटप पुन्हा पुन्हा मोजलं गेलंय.

कुठं ते लहान आकड्यांत बघितलं. क, ख, ग असे तीन वेगळे पेढे आणि दोन पोरं, प्रत्येकाला निदान एक. खरी वाटपं ६, कारण एकूण ८ आणि त्यातली सगळे एकालाच दिल्याची २ वजा. त्याच्या रीतीनं ३ × २ × २ = १२. समजा थोरल्याकडं क आणि ग, धाकटीकडं ख. त्याच्या रीतीत हे दोनदा येतं, एकदा थोरल्याला आधी क दिला आणि ग नंतर आला म्हणून, एकदा आधी ग दिला आणि क नंतर आला म्हणून. शेवटी हातात तेच, पण मोजलं दोनदा. म्हणून बाकीची चारही उत्तरं कुठल्या ना कुठल्या प्रश्नाची बरोबर उत्तरं निघाली, हे एकच कुठल्याच वाटपाचं निघालं नाही.

मग प्रश्न आला की आधी एकेक देऊन टाकायची रीत सारख्या पेढ्यांना चालते आणि वेगळ्यांना नाही, असं का? हे वाईच्या मुलीनंच सांगितलं, "पेढे सारखेच असतील तर कुठला आधी दिला हा प्रश्नच येत नाही ना मॅडम, चौघांना एकेक द्यायची तऱ्हा एकच." तिच्या त्या वाक्यावर मॅडमनी निर्णय पक्का केला, आधी देऊन टाकायची रीत शिकवायची, पण त्या रीतीच्या डोक्यावर फळ्यावर कायमचं लिहून ठेवायचं: पेढे सारखे आहेत ना?

पेढे लहान पोरांना देऊन टाकले. थोरल्यानं दोन घेतले, धाकटीनं तीन हट्टानं, उरलेले पाच मधल्या दोघांत कसे गेले ते काही आम्ही बघितलं नाही.

निकाल

पुढच्या रविवारी छोटी टेस्ट घेतली. पहिला प्रश्न मुद्दाम अट बदलून दिला होता, १० पेढे, ४ मुलं, थोरल्याला निदान ३, बाकीच्यांना निदान १. आधी देऊन टाकायच्या रीतीनं ६ पेढे गेले, उरले ४, त्यात ३ काड्या, ७ जागांतून ३ म्हणजे ३५. बहुतेकांचं बरोबर आलं. फटींच्या रीतीवरच बसून राहिलेले दोघं अडकले, कारण थोरल्याचा तुकडा निदान तिनाचा पाहिजे हे फटींत बसवता येईना. मेढ्याच्या पोरानं मात्र त्यातनंही वाट काढली, थोरल्याला आधी जादाचे दोन देऊन टाकले, राहिले आठ पेढे, त्यांच्या सात फटी, त्यातून तीन, ३५. दोन्ही रीती जोडून वापरल्या, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

दुसरा प्रश्न मॅडमनी जुन्या पोतडीतनं काढला. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० सालच्या ग्रंथात, अंकपाशाच्या, म्हणजे अंकांच्या मांडणीच्या भागात हा प्रश्न आहे की पाच स्थानांतल्या अंकांची बेरीज तेरा, तर अशा संख्या किती? शून्य धरायचं नाही. नीट बघितलं तर हे पेढेच आहेत, १३ पेढे, ५ स्थानं म्हणजे ५ पोरं, शून्य चालत नाही म्हणजे प्रत्येकाला निदान एक. आणि आचार्यांनी दिलेला नियमही तोच आहे, बेरजेतनं एक वजा करायचा, तिथनं एकेकानं कमी होत जाणारे अंक स्थानांपेक्षा एक कमी इतके घ्यायचे, त्यांना क्रमानं १, २, ३, ४ नी भागायचं आणि गुणाकार करायचा. १२ × ११ × १० × ९ भागिले २४, म्हणजे ४९५. हे आपल्या १२ फटींतून ४ काड्यांसारखंच झालं. (त्यांच्या नातवानं त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा शिलालेख पाटणला आहे, पण ते चाळीसगावजवळचं पाटण, कोयनेकाठचं आपलं पाटण नव्हे. वर्गात हा घोळ झालाच म्हणून सांगितलं.)

टेस्टमध्ये ४९५ बऱ्याच जणांचं आलं. एकीनं २३८० लिहिलं, तो १७ मधून ४ चा आकडा, म्हणजे शून्य धरून केलेला, पण पेपर देतानाच तिनं बाजूला लिहिलं होतं की यात शून्य आलंय, वेळ संपला. मॅडमनी तिला निम्मे मार्क दिले आणि मला ते पटलं, कारण गेल्या वेळी हाच घोटाळा वर्गातल्या निम्म्याअर्ध्यांना दिसतच नव्हता.

आणि मग कोरेगावच्या पोरानं विचारलं की बेरीज १३ च का घेतली, १४ घेतली तर? नियमानं १३ मधून ४, म्हणजे ७१५. त्यानं दोन मिनिटं विचार करून स्वतःच सांगितलं की हे चुकणार, कारण १४ पेढ्यांत एकाला १० आणि बाकी चौघांना एकेक मिळू शकतो, पण दहा हा काय एक अंक नाही. दहावाला पाचांपैकी कुणीही, म्हणून ५ कमी, उत्तर ७१०. मॅडमनी लीलावतीतली पुढची ओळ वाचून दाखवली, तिथं अट दिलेलीच आहे, अंकांची बेरीज स्थानसंख्येत ९ मिळवून येणाऱ्या संख्येपेक्षा कमी असेल तरच हा नियम लावायचा. ५ आणि ९ चौदा, म्हणजे १३ ही बरोबर शेवटची चालणारी बेरीज. आचार्यांनी उदाहरण नेमकं काठावरचं निवडलंय. पोरगा एवढा खूश झाला की घरी जाताना पुन्हा येऊन ती ओळ वहीत उतरवून घेऊन गेला.

वरची मर्यादा आली, म्हणजे कुणाला अमुकपेक्षा जास्त नाही, की नुसत्या काड्यांनी भागत नाही, आधी बिनमर्यादेचं मोजायचं आणि मर्यादा मोडणारी वाटपं वजा करायची. ते पुढच्या भागात घेतलं, इथं लांबवत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्या मते पहिल्या दहा मिनिटांच्या आधीच एक प्रश्न तोंडी विचारायला हवा होता, दोन पेढ्यांची अदलाबदल केली तर वाटप बदललं का? आणि दोन पोरांच्या वाट्यांची अदलाबदल केली तर? ९ आणि दोन कोटी ही दोन्ही उत्तरं याच दोन प्रश्नांच्या घोळातनं आली. मॅडमना हे पटत नाही, त्या म्हणतात आधी विचारलं असतं तर यादी फळ्यावर आलीच नसती आणि ८४ पोरांना नुसतं मॅडमच्या शब्दावर मानावं लागलं असतं. यावर आमचं अजून एकमत नाही.

दुसऱ्या गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत आहे. त्या दिवशी निघताना रहिमतपूरच्या मुलीनं सहज म्हटलं होतं की मग पेढे कसेही वाटले तर सगळ्यांना मिळायचा चान्स २८६ मध्ये ८४, म्हणजे साधारण २९ टक्के. उशीर झाला होता, प्रोबॅबिलिटी पुढं आहे म्हणून मॅडमनी नंतर बघू म्हणून सोडून दिलं. ते तिथंच थांबवायला हवं होतं, कारण ती २८६ वाटपं मोजता येतात, पण सगळी सारख्या शक्यतेची नसतात. प्रत्येक पेढा डोळे झाकून चौघांपैकी कुणालाही दिला, तर सगळ्यांना निदान एक मिळायची शक्यता १०,४८,५७६ मध्ये ८,१८,५२०, म्हणजे जवळपास ७८ टक्के निघते. २९ आणि ७८ मध्ये केवढं अंतर आहे. पेढे दिसायला सारखे असले तरी देताना एकेक वेगळाच दिला जातो, म्हणून शक्यता काढताना ते वेगळे धरावे लागतात.

हे पटवायला दोन पेढे आणि दोन पोरं पुरतात. वाटपं तीन, दोन्ही थोरल्याला, दोन्ही धाकटीला, किंवा एकेक. तीनपैकी एक म्हणून एकेकाचा चान्स ३३ टक्के वाटतो. पण दोनदा नाणं उडवून पेढे द्या, छापा आला तर थोरल्याला, काटा आला तर धाकटीला, तर चार सारख्या शक्यतांपैकी छापा-काटा आणि काटा-छापा या दोन्हीत एकेक मिळतो, म्हणजे निम्म्या वेळा. यंदाच्या बॅचला ही नाण्याची गोष्ट ८४ फळ्यावर आल्या आल्या, त्याच तासाला घ्यायची असं ठरवलंय.